चोवीस पक्की उत्तरं

ऑगस्ट 2024 मधली गोष्ट. मी लातूरला रिपीटर म्हणून येऊन महिना झाला होता. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा पहिला प्रयत्न मे महिन्यात फसला होता आणि क्लासच्या पहिल्या पूर्ण टेस्टमध्ये मला 720 पैकी 434 पडले. सोडवलेले प्रश्न 171, त्यातले बरोबर 121, चूक 50, सोडून दिलेले 9. बरोबरला चार मार्क, चुकीला वजा एक, म्हणजे 484 मिळवले आणि त्यातले 50 परत दिले.

त्या पन्नासाकडे बघून माझ्या डोक्यात एकच आलं, की आपण फार तुक्के मारतो. क्लासमध्येही हेच ऐकायला मिळायचं. डाउट असेल तर सोडून द्या, निगेटिव्ह खाते तुम्हाला. पुढच्या टेस्टला मी तसंच केलं, 33 प्रश्न सोडून दिले. चुका कमी झाल्या, पण मार्कही कमी झाले. 423. निगेटिव्ह टाळून मार्क घटले कसे, हे मला काही केल्या कळेना.

माझा मामेभाऊ तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. दादाला फोनवर सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "चुकलेल्या पन्नासातले तुक्के किती होते?" मी म्हटलं, बरेच असतील. "असतील नको गं. मोजलेस का?" मोजले नव्हते. आणि मोजायला आता काही साधनच नव्हतं, कारण कुठलं उत्तर खात्रीने दिलं आणि कुठलं अंदाजाने, हे टेस्ट संपल्यावर आठवत नाही. उलट आठवण आपल्याला फसवते. चुकलेला प्रश्न बघितला की वाटतं, हा मला येतच नव्हता, आणि बरोबर आलेला बघितला की वाटतं, हे तर माहीतच होतं.

म्हणून पहिला बदल टेस्ट चालू असतानाचा. प्रश्नपत्रिकेवर, प्रश्नाच्या क्रमांकाशेजारी, उत्तर ठरवतानाच एक बारीक खूण करायची. एक टिंब म्हणजे पक्कं. दोन टिंबं म्हणजे दोन पर्याय उरलेत आणि त्यातला एक निवडला. तीन टिंबं म्हणजे तुक्का. अर्धा सेकंदही लागत नाही. गोल भरायच्या ओएमआर उत्तरपत्रिकेवर मात्र काहीही लिहायचं नाही. शिवाय दर पंधरा प्रश्नांनंतर समासात घड्याळ बघून वेळ लिहायची. या वेळांचा उपयोग मला महिनाभराने कळला, तेव्हा नुसतं दादा म्हणतो म्हणून लिहीत होते.

दुसरा बदल टेस्टनंतरचा, आणि तो जड गेला. आधी टेस्ट संपली की आन्सर की लागायची, आम्ही सगळ्या मुली रूमवर बसून मार्क काढायचो आणि प्रत्येक चुकीपाशी "अरे हो, हे येत होतं की" म्हणत पुढे जायचो. आता मी रूममेटला कीवरून माझे फक्त चुकलेले आणि सोडून दिलेले प्रश्न गोल करायला सांगायचे. बरोबर पर्याय कुठला, हे तिने सांगायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, घड्याळ न लावता, पुस्तक न उघडता ते प्रश्न पुन्हा सोडवायचे. त्यानंतरच की बघायची. बरोबर पर्याय एकदा दिसला की आपल्याला तो येत होता की नव्हता, हे ठरवता येत नाही. कोरा प्रश्न पुन्हा समोर आला तर ठरवता येतं.

खुणा करून दिलेली पहिली टेस्ट ऑगस्टच्या शेवटी झाली. योगायोग असा की आकडे तेच आले. 171 सोडवलेले, 50 चूक, 434. फक्त या वेळी खुणा होत्या. एका टिंबाचे 128, त्यातले 24 चुकलेले. दोन टिंबांचे 29, त्यातले 17 चुकलेले. तीन टिंबांचे 14, त्यातले 9 चुकलेले.

मी ते चोवीस बघतच बसले. माझ्या जवळजवळ निम्म्या चुका अशा उत्तरांत होत्या, ज्यांच्याबद्दल मला कसलीही शंका नव्हती. 'डाउट असेल तर सोडा' हा नियम त्या चोवीसांना लागूच होत नव्हता, कारण डाउट नव्हताच.

आणि तुक्के? चौदातले पाच बरोबर. वीस मार्क मिळाले, नऊ गेले, अकरा उरले. दोन टिंबांचे बारा बरोबर, म्हणजे 48 मिळाले, 17 गेले, 31 उरले. ज्याला मी नुकसान समजत होते, तिथे फायदा होता.

दादाने लगेच हात आखडता घ्यायला लावला. "चौदा तुक्क्यांवरून काही ठरत नाही. पाच लागले, उद्या दोन लागतील. सहा टेस्ट होऊ दे." पण हिशेबाची गोष्ट त्याने तेव्हाच समजावली. बरोबरला चार, चुकीला वजा एक. पाच प्रश्नांत एक बरोबर आणि चार चूक आले तर चार मिळाले, चार गेले, हाती शून्य. म्हणजे पाचात एक, वीस टक्के, ही काठावरची रेघ. चार पर्यायांत डोळे मिटून गोल केला तरी सरासरी चारात एक लागतो, म्हणजे पंचवीस टक्के. रेघेच्या किंचित वर. एक पर्याय नक्की चुकीचा म्हणून कटला तर तिनात एक, दोन कटले तर दोनात एक. दोन पर्यायांत अडकलेल्या प्रश्नाची सरासरी किंमत दीड मार्क पडते, आणि मी दुसऱ्या टेस्टला असेच वीसेक प्रश्न घाबरून कोरे ठेवले होते. मार्क का घटले, त्याचं उत्तर मिळालं.

हे गणित नीटच्या चारास एकचं आहे, हे लक्षात ठेवायला हवं. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत चुकीला एक तृतीयांश मार्क कापतात, तिथे चार पर्यायांतला आंधळा तुक्का सरासरी बरोबर शून्यावर येतो. एमएचटी-सीईटीला निगेटिव्ह नाहीच, तिथे एकही गोल कोरा ठेवणं म्हणजे मार्क सोडून देणं. तिन्ही परीक्षांच्या मुलामुलींना एकच सल्ला दिला जाताना मी ऐकलेलं आहे, म्हणून सांगते.

ऑक्टोबर अखेरपर्यंत सहा टेस्ट झाल्या. एका दोनशे पानी वहीत प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला एक ओळ दिली होती. प्रश्न क्रमांक, खूण, मी दिलेला पर्याय, दुसऱ्या प्रयत्नात दिलेला पर्याय, खरा पर्याय आणि एका वाक्यात कारण. कारणाच्या रकान्यात 'सिली मिस्टेक' हा शब्द लिहायचा नाही, असं मी तिसऱ्या टेस्टनंतर ठरवलं. पहिल्या दोन टेस्टच्या रकान्यात तो एकोणीस वेळा होता आणि त्यातून पुढच्या वेळी नेमकं काय वेगळं करायचं, ते कळत नव्हतं. ते एकोणीस प्रश्न परत काढून पेन नेमकं कुठे घसरलं, ते शोधलं.

सहा टेस्ट मिळून एका टिंबाच्या चुका 131 होत्या. त्यातल्या 74 प्रश्नांचं उत्तर मी दुसऱ्या सकाळी, काहीही न वाचता, बरोबर दिलं होतं. म्हणजे त्या चुका अभ्यासाच्या नव्हत्याच. आणि अशी प्रत्येक चूक पाच मार्कांची असते. मिळणारे चार गेले आणि वर एक कापला. 74 चे 370 मार्क, दर टेस्टला साठाच्या वर. मी मात्र तोपर्यंत रोज रात्री एक वाजेपर्यंत जागून नवे चॅप्टर वाचून हे साठ मार्क शोधत होते.

त्या चौऱ्याहत्तरांत 29 ठिकाणी मी विचारलेलं सोडून भलत्याचं उत्तर दिलं होतं, 21 ठिकाणी भौतिक किंवा रसायनच्या शेवटच्या पायरीला घसरले होते, 15 ठिकाणी सगळे पर्याय वाचले नव्हते, आणि 9 वेळा उत्तर बरोबर असून ओएमआरवर गोल चुकला होता.

यातलं एक उदाहरण मला अजून पाठ आहे. एका वस्तूचा संवेग 50 टक्क्यांनी वाढला तर गतिज ऊर्जा किती टक्क्यांनी वाढेल? गतिज ऊर्जा p²/2m, म्हणजे संवेग दीडपट झाला तर ऊर्जा 2.25 पट. मी रफमध्ये 2.25 लिहिलं, वर बघितलं, तिसरा पर्याय 225 टक्के. गोल केला, एक टिंब दिलं, पुढे गेले. एकूण वेळ चाळीस सेकंद. दुसऱ्या सकाळी तोच प्रश्न वाचताना 'वाढेल' या शब्दावर नजर थांबली. ऊर्जा 100 ची 225 झाली, वाढली 125. पहिला पर्याय 125 टक्केच होता.

या प्रश्नाने मला पेपर काढणाऱ्याचं डोकं दाखवलं. चार पर्याय म्हणजे एक खरं उत्तर आणि तीन वाटेल ते आकडे, असं मी समजत होते. तसं नसतं. चुकीचे पर्याय हे बहुतेक वेळा अर्ध्या वाटेवरचे मुक्काम असतात. शेवटची पायरी विसरलेल्याला 225 भेटतं, वर्ग करायला विसरलेल्याला 50 भेटतं. आपला आकडा पर्यायांत दिसला की आपल्याला खात्री पटते, आणि तो दिसावा अशीच मांडणी केलेली असते. म्हणून पर्यायांत उत्तर सापडलं, हा ते बरोबर असल्याचा पुरावा मानायचा नाही.

29 भलत्या उत्तरांपैकी जास्त जीवशास्त्रातली होती, आणि तिथे शब्द एकच, 'इनकरेक्ट'. हृदयावरचा एक प्रश्न होता, चुकीचं विधान निवडा. पहिलंच विधान, उजवं अलिंद आणि उजवं निलय यांच्यामध्ये ट्रायकस्पिड झडप असते. बरोबर आहे म्हणून मी तोच गोल केला. उरलेली तीन विधानं वाचलीही नव्हती. प्रश्न वाचताना 'इनकरेक्ट' डोळ्यांनी पाहिलेलं असतं, पण खरं विधान ओळखीचं दिसल्याच्या आनंदात ते पुसलं जातं.

इथे समासातल्या वेळा कामाला आल्या. सहा टेस्टमधल्या अशा चुका वेळेच्या बाजूला मांडल्या तर पहिल्या वीस मिनिटांत त्या फारशा नव्हत्या. वीस ते चाळीस मिनिटांच्या मधे दाटीने होत्या. मी सुरुवात जीवशास्त्राने करायचे आणि नव्वद प्रश्न 38 मिनिटांत संपवायचे. क्लासमध्ये याचं कौतुक व्हायचं, मलाही अभिमान होता. एका प्रश्नाला पंचवीस सेकंद. पहिले तीस प्रश्न नीट जायचे, मग हात तापायचा आणि मी प्रश्न न वाचता ओळखायला लागायचे. जी दहा मिनिटं जीवशास्त्रात वाचवत होते, ती भौतिकला देऊन तिथे तीन-चार प्रश्न सुटत होते, आणि इकडे पाच मार्कांच्या चार-पाच चुका होत होत्या. हा सौदा आतबट्ट्याचा होता.

ओएमआरच्या नऊ चुकांमागे दोनच प्रसंग होते. त्या काळी मी सगळं प्रश्नपत्रिकेवर सोडवून शेवटच्या दहा मिनिटांत गोल भरायचे. सप्टेंबरच्या एका टेस्टला 112 वा प्रश्न सोडला होता आणि 113 चं उत्तर 112 च्या ओळीत गेलं. मग 114 चं 113 मध्ये. सहा गोल असे उतरल्यावर लक्षात आलं. बॉलपेनची शाई, खोडायची सोय नाही. योगायोगाने त्यातला एक गोल बरोबर लागला, पाच गेले. दुसऱ्या वेळी चार गेले. तेव्हापासून एक पान सोडवून झालं की त्या पानाचे गोल, मनात क्रमांक उच्चारत, लगेच. सुटलेल्या प्रश्नाच्या ओळीशेजारी ओएमआरवर काहीही करता येत नाही, म्हणून प्रश्नपत्रिकेवर त्या क्रमांकाला मोठा चौकोन. नंतर हा प्रकार पुन्हा झाला नाही.

आता उरलेल्या 57 पक्क्या चुका. या दुसऱ्या सकाळीही चुकल्या होत्या, आणि बहुतेक ठिकाणी मी पुन्हा तोच चुकीचा पर्याय दिला होता. म्हणजे मला काहीतरी येत नव्हतं असं नाही, काहीतरी चुकीचं पक्कं बसलं होतं. सर्वात चिवट चूक क्रॉसिंग ओव्हरची, म्हणजे पेशीविभाजनात जोडीतल्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते तिची. मी तीन वेगवेगळ्या टेस्टमध्ये, तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारलेल्या प्रश्नांना, क्रॉसिंग ओव्हर डिप्लोटीन या टप्प्यात होतं असं उत्तर दिलं होतं. तिन्ही वेळा एक टिंब. एनसीईआरटीत स्पष्ट आहे, जोड्या जमतात झायगोटीनमध्ये, क्रॉसिंग ओव्हर पॅकिटीनमध्ये, आणि डिप्लोटीनमध्ये गुणसूत्रं दूर सरकायला लागली की मघाच्या अदलाबदलीच्या जागी एक्ससारखे कायझ्मा दिसतात. माझ्या डोक्यात ते एक्सचं चित्र होतं. चित्र जिथे दिसतं, तिथेच घटना घडते, असं मी अकरावीपासून धरून चालले होते. तो धडा मी त्या वर्षात निदान सहा वेळा वाचला असेन, पण माहीत असलेल्या भागावरून डोळे घसरत जायचे.

अशा चुकांसाठी वहीच्या मागच्या बाजूने वेगळी पानं केली. प्रत्येकीला दोन ओळी. वरच्या ओळीत मला काय वाटत होतं, खालच्या ओळीत खरं काय आहे, आणि कंसात पुस्तकातलं पान. वरची ओळ लिहायची लाज वाटायची, पण तीच उपयोगी पडली. नुसतं 'पॅकिटीन' लिहून ठेवलं असतं तर पुन्हा ते वाचून मान डोलावली असती. 'मला डिप्लोटीन वाटतं कारण एक्स तिथे दिसतो' हे वाचल्यावर तो प्रश्न समोर आला की हात थांबायचा.

दोन आणि तीन टिंबांचाही सहा टेस्टचा हिशेब सांगते. तुक्के 78, बरोबर 19. म्हणजे चारात एकच, ऑगस्टचे चौदातले पाच ही नशिबाची गोष्ट होती. सहा टेस्ट मिळून हाती सतरा मार्क, दर टेस्टला तीन. तुक्क्याने कोणी बुडत नाही आणि तरतही नाही. दोन टिंबांचे 170, बरोबर 71. दोन पर्याय उरले असताना अर्ध्याहून कमी लागत होते, हे मला खटकलं. ते वेगळे करून बघितले, तर त्यात एक गट निघाला.

भौतिकमध्ये मी एखादं गणित तीन-साडेतीन मिनिटं करत राहायचे, आलेलं उत्तर पर्यायांत नसायचं, आणि मग 'हा जवळ आहे' म्हणून एक गोल करायचे. असे 31 प्रश्न होते. त्यातले पाच बरोबर. वीस मिळाले, सव्वीस गेले. माझ्या सगळ्या वहीत तोट्यात असलेला हा एकमेव गट. आंधळ्या तुक्क्यापेक्षा वाईट. एकतीस हा आकडा लहान आहे, दादाने तेव्हाही हेच सांगितलं, पण सहा मार्कांचा प्रश्न नव्हताच. एकतीस गुणिले साडेतीन मिनिटं म्हणजे जवळजवळ एकशे दहा मिनिटं. दर टेस्टला अठरा मिनिटं मी तोट्याच्या कामात घालवत होते. हा गट वगळला तर उरलेल्या दोन टिंबांपैकी 139 ला 66 बरोबर होते. म्हणजे दोन पर्यायांतला माझा अंदाज तसा ठीक होता. चुकलेल्या गणितातून उपजलेली 'जवळीक' तेवढी खोटी होती. खरं उत्तर मोठ्या फरकाने वेगळं निघायचं, कारण मी सुरुवातच चुकीच्या सूत्राने केलेली असायची.

नोव्हेंबरपासून बदल मोजकेच केले. प्रश्नात जे विचारलंय त्या शब्दाला, पर्याय वाचायच्या आधी, पेनाने गोल. 'वाढ', 'इनकरेक्ट', 'गुणोत्तर', 'सेमीमध्ये', जे असेल ते. चौथा पर्याय वाचल्याशिवाय टिंब द्यायचं नाही. भौतिकमध्ये आकडा पर्यायांत नसेल तर पुन्हा गणित करायचं नाही, चौकोन करून पुढे जायचं, शेवटच्या फेरीत वेळ उरला तरच परत यायचं. आणि जीवशास्त्राला पन्नास मिनिटं, त्याआधी संपलं तरी पुन्हा त्यातलेच 'इनकरेक्ट' प्रश्न बघायचे.

गोल करण्याची सवय लागायला तीन टेस्ट गेल्या. पहिल्या टेस्टला मी गोल करूनही त्याकडे न बघता उत्तर दिलेले दोन प्रश्न सापडले. डिसेंबरमध्ये पक्क्या चुका 14 वर आल्या, मार्क पहिल्यांदा पाचशेच्या वर गेले.

मग जानेवारी 2025 मध्ये नीट घेणाऱ्या एनटीएने पॅटर्न बदलला. तोपर्यंत दोनशे प्रश्नांतले 180 सोडवायचे होते, वेळ 200 मिनिटं. आता थेट 180 प्रश्न, सगळे सक्तीचे, 180 मिनिटं. प्रत्येक विषयात शेवटच्या पंधरातले दहा निवडायची मुभा गेली आणि वीस मिनिटंही गेली. माझ्या पुढच्याच टेस्टला पक्क्या चुका पुन्हा 21. वही नसती तर मी म्हटलं असतं, पेपर अवघड होता. समासातल्या वेळा बघितल्या, जीवशास्त्र 37 मिनिटांत. घाबरून हात परत जुन्या वेगाला गेला होता आणि शब्दांभोवतीचे गोल पंचवीस प्रश्नांनंतर थांबलेच होते. त्या रात्री मी वेळ कागदावर वाटून घेतली. जीवशास्त्र 50, रसायन 50, भौतिक 60, उरलेली 20 चौकोनांसाठी, गोल भरणं त्यातच. भौतिकचे पाच-सहा प्रश्न हातचे जाणार, हे मान्य करून. आईला फोनवर हे सांगितलं तर ती काळजीत पडली, "मुद्दाम सोडायचे म्हणतेस?" तिला मी पाच मार्कांचा हिशेब सांगितला. ती म्हणाली, "दुकानात तुझे बाबा हेच करतात, ज्या मालाला गिऱ्हाईक नाही त्यात पैसा अडकवत नाहीत."

एप्रिलमधल्या चार टेस्टला पक्क्या चुका 12, 9, 11 आणि 10 होत्या. त्याखाली मला नेता आल्या नाहीत. त्यातल्या निम्म्याहून जास्त चुकीच्या माहितीच्या होत्या, आणि तशी माहिती चुकल्याशिवाय सापडत नाही.

4 मे 2025 ला पेपर झाला. भौतिक किती अवघड होतं, ते त्या वर्षी बसलेल्या कुणालाही विचारा. नीटची प्रश्नपत्रिका घरी नेता येते, त्यामुळे टिंबं माझ्याबरोबर होती. तीन दिवस ती पिशवीतून काढली नाही, मग लातूरची खोली आवरून गावी आल्यावर सकाळी ओट्यावर बसून घड्याळ न लावता सोडवली. नंतर एनटीएची की आणि ओएमआरची प्रत आल्यावर हिशेब लावला. सोडवलेले 163. एका टिंबाचे 118, चुकलेले 9. दोन टिंबांचे 33, चुकलेले 14. तुक्के 12, चुकलेले 8. एकूण 497, निकालातही तेवढेच आले.

नऊ पक्क्या चुकांतल्या चार मी घरी बरोबर सोडवल्या होत्या. त्या चारांपैकी तीन प्रश्नांमध्ये विचारलेल्या शब्दाभोवती गोल नव्हता. आणि सोडून दिलेले सतरा प्रश्न, सगळे भौतिकचे, त्यातले सहा ओट्यावर सुटले. समासात बघितलं, जीवशास्त्र 57 मिनिटांवर संपलं होतं. पन्नास ठरलेली होती, सात मिनिटं तिथे जास्त गेली होती. नव्वदपैकी कुठल्या पानावर गेली, तेही लिहिलेलं होतं. जोड्या लावा प्रकारच्या प्रश्नांच्या पानावर पंधरा प्रश्नांना चौदा मिनिटं.